प्रार्थना मोजायची कुठे?

इंग्लंडमध्ये राजघराण्यासाठी जितकी प्रार्थना होत असे तितकी दुसऱ्या कुणासाठीही होत नसे. गावोगावच्या चर्चमध्ये त्यांच्या दीर्घायुष्यासाठी नेमाने मागणं मागितलं जाई. मग ही माणसं इतरांपेक्षा जास्त जगली का? १८७२ साली फ्रान्सिस गाल्टनने ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात हा प्रश्न विचारला आणि उत्तरादाखल सरळ एक तक्ता मांडला. तिशी ओलांडलेले आणि अपघाताने न गेलेले पुरुष तेवढे त्यात धरले होते. राजघराण्यांतल्या ९७ जणांचं सरासरी वय भरलं ६४.०४. धर्मगुरूंचं ६९.४९, वकिलांचं ६८.१४, जमीनदार वर्गाचं ७०.२२. ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त मागितलं गेलं तेच यादीत तळाला होते.

लेखावर अर्थातच गदारोळ झाला. आज तो तक्ता वाचताना मात्र देवाधर्माच्या वादापेक्षा त्यातली कच्ची बाजू आधी डोळ्यांत भरते. राजवाड्यातलं खाणंपिणं, नात्यात होणारे विवाह, आजारी राजपुत्राभोवती जमणारी त्या काळच्या वैद्यांची फौज, यांतलं काहीच त्यात धरलेलं नाही. शिवाय रविवारच्या उपासनेत ठरलेलं वाक्य म्हणणाऱ्या माणसाच्या मनात त्या क्षणी राजा असतो की दुपारचं जेवण, हे गाल्टनला कळायला मार्ग नव्हता. तरी त्याने घालून दिलेली वाट पुढे सव्वाशे वर्षं टिकली. प्रार्थनेचा परिणाम बघायचा तर तो जिच्यासाठी प्रार्थना केली त्या व्यक्तीच्या शरीरात बघायचा, ही ती वाट. प्रार्थना करणारा माणूस या हिशेबात कुठेच नव्हता. खुद्द गाल्टनने लेखाच्या शेवटी मान्य केलं होतं की प्रार्थनेने करणाऱ्याच्या मनाला बळ मिळू शकतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आणखी एक सूचना पुढे आली होती. इस्पितळातला एखादा वॉर्ड निवडावा, त्यातल्या रुग्णांसाठी काही वर्षं खास प्रार्थना व्हावी आणि मग त्यांचा मृत्युदर इतर वॉर्डांशी ताडून पाहावा. ते तेव्हा घडलं नाही. घडलं ते शंभरावर वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत. हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागातल्या ३९३ रुग्णांचे रँडॉल्फ बर्ड या डॉक्टरने यदृच्छेने दोन गट पाडले आणि एका गटासाठी बाहेरच्या ख्रिस्ती भाविकांना प्रार्थना करायला सांगितलं. १९८८ साली निष्कर्ष छापून आला की प्रार्थनेच्या गटाची प्रकृती अधिक चांगली राहिली.

हा निष्कर्ष नीट उलगडून पाहावा असा आहे. बर्डने पंचवीसहून अधिक गोष्टी मोजल्या होत्या. त्यांपैकी सहांमध्ये प्रार्थनेचा गट सरस निघाला. मृत्यूत फरक नव्हता, विभागात किती दिवस राहावं लागलं यातही नव्हता. पंचवीस ठिकाणी जाळं टाकलं तर एखाद-दुसरा मासा निव्वळ योगायोगानेही लागतो. पण सहा? त्या सहा बाबी बघा: हृदय कमजोर पडणं, लघवी वाढवणारी औषधं द्यावी लागणं, न्यूमोनिया, प्रतिजैविकं, श्वासनलिकेत नळी घालावी लागणं आणि हृदय बंद पडणं. हृदय कमजोर पडलं की फुप्फुसांत पाणी साठतं आणि ते काढायला लघवीची औषधं द्यावीच लागतात. न्यूमोनिया झाला की प्रतिजैविकं आलीच. दोन्ही बळावले तर नळी घालायची वेळ येते. म्हणजे मोजताना सहा भरतात, पण त्यामागच्या घटना दोन-तीनच असू शकतात. एका गटात असे थोडेच रुग्ण कमी पडले तरी सहाही आकडे एकदम झुकतात. मोजमाप आधी ठरवलेलं नसलं की चांगल्या हेतूचा माणूसही नकळत सोयीचे आकडे उचलतो, आणि याला श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा अपवाद नाही.

या चुका टाळूनच हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सनने सर्वांत मोठा प्रयोग बांधला. निकाल एप्रिल २००६ मध्ये आला. सहा रुग्णालयं, बायपास होणारे १,८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. प्रत्यक्षात पहिल्यासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्याला सांगितलं की नक्की होणार, आणि तशी झालीही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस तीन ख्रिस्ती प्रार्थनागट रुग्णाचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर घेऊन प्रार्थना करत. शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी, लवकर बरं वाटावं, गुंतागुंत होऊ नये, असा ठरावीक मजकूर त्यात असावा लागे. तीस दिवसांत गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के. फरक नाही. तिसऱ्या गटात, ज्यांना प्रार्थनेची खात्री दिली होती त्यांच्यात, ५९ टक्के.

नास्तिकांना हसायला आणि आस्तिकांना चिडायला हा आकडा पुरेसा झाला. मला दोघांचीही घाई वाटते. या प्रयोगात प्रार्थनेचा अंश किती उरला होता, हे आधी बघायला हवं. करणाऱ्याने रुग्णाला पाहिलेलं नाही, पुरतं नावही ठाऊक नाही, शब्दही अंशतः दुसऱ्याने दिलेले. उलट तिन्ही गटांतल्या बहुतेक सर्व रुग्णांना आपले घरचे, मित्र आणि चर्चमधली माणसं आपल्यासाठी प्रार्थना करतील असा विश्वास होता आणि तसं करायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती, करताही आली नसती. त्यामुळे ‘प्रार्थना नसलेला’ गट फक्त कागदावर होता. मोजलं गेलं ते इतकंच की आईच्या, बायकोच्या प्रार्थनेत तीन अनोळखी गटांची भर पडल्याने काही बदलतं का. तिसऱ्या गटाचं काय झालं हे नक्की सांगता येत नाही, तो योगायोगही असेल. पण संशोधकांपैकीच एकाने बोलून दाखवलेली शंका विचारात घेण्यासारखी आहे: आपली प्रकृती इतकी गंभीर आहे का की प्रार्थनेची फौज बोलवावी लागली, असं तर रुग्णांच्या मनात आलं नसेल? तसं असेल तर अख्ख्या प्रयोगातला मानसशास्त्राच्या कामाचा भाग तेवढाच. परिणाम दूरच्या प्रार्थनेने केला नाही, प्रार्थनेच्या बातमीने केला.

या वाटेच्या मर्यादेवर सर्वांत नेमकं बोट एका विनोदाने ठेवलं होतं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २००१च्या नाताळ अंकात लिओनार्ड लायबोविसी या इस्रायली डॉक्टरने एक प्रयोग छापला. १९९० ते १९९६ या काळात रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३,३९३ रुग्णांच्या जुन्या नोंदींचे त्याने २००० साली यदृच्छेने दोन गट केले आणि एका गटासाठी तेव्हा प्रार्थना करवली. म्हणजे रुग्ण बरे होऊन किंवा दगावून चार ते दहा वर्षं उलटल्यावर! प्रार्थनेच्या गटाचा ताप आणि मुक्काम दोन्ही कमी भरले, तेही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरून. त्याला म्हणायचं होतं की कार्यकारणाचा धागाच नसेल तर निर्दोष आकड्यांनीही काही सिद्ध होत नाही. काहींनी तो प्रयोग खरा मानून पुरावा म्हणून वापरला, ही त्याची शोकांतिका.

गंमत म्हणजे त्याच अंकात, याच्या लगेच आधीच्या पानांवर, लुचियानो बर्नार्डी आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निबंध आहे. तिथे प्रश्न उलटा फिरलेला दिसतो, कारण तिथे मोजलं आहे प्रार्थना करणाऱ्यालाच. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली ‘आव्हे मारिया’ आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला सांगितला. जपमाळेच्या रिवाजात अर्धी प्रार्थना धर्मगुरू म्हणतो, अर्धी लोक. एक आवर्तन साधारण दहा सेकंदांत पुरं होतं. त्यामुळे श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि मंत्रानेही तेच होतं. या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांच्या लहरी एका तालात येतात आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चपळ होते. आपल्याकडे हरिपाठ दोन बाजूंनी आलटून पालटून म्हणतात, तिथेही श्वासाचं असंच काही होतं का, हे कुणी मोजून पाहण्यासारखं आहे. पण इथेही खड्डा आहेच. शब्दांशिवाय, नुसतं घड्याळ लावून मिनिटाला सहा श्वास घेतले तरी तो शारीरिक परिणाम मिळतो. मग जप करणाऱ्याला जे मिळतं त्यात श्वासाचं किती आणि नामाचं किती? निदान या उपकरणांना त्याचं उत्तर देता येत नाही.

मागणाऱ्या प्रार्थनेचं मन वेगळं चालतं. डेन्मार्कच्या उफे श्योट आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वीस श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून चार कामं दिली: पाठ असलेली प्रभूची प्रार्थना, एक बालगीत, स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलणं आणि सांताक्लॉजकडे मागण्या सांगणं. स्वतःच्या शब्दांतल्या प्रार्थनेच्या वेळी मेंदूतले जे भाग जागे झाले ते समोरच्या माणसाच्या मनात काय असेल याचा अंदाज घेताना वापरले जाणारे भाग होते. सांताकडे मागताना तसं झालं नाही. मागणं दोन्हीकडे, पण एकीकडे कुणीतरी ऐकतंय हे गृहीत आहे. पाठ असलेल्या प्रार्थनेतही ते घडलं नाही, म्हणजे ‘प्रार्थना’ हा एकच रकाना करून प्रश्नावली भरून घेणाऱ्यांनी किती वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या असतील याचा अंदाज येतो. अशा प्रश्नावल्यांत वारंवार असं दिसतं की संकटात मागणारे लोक इतरांहून जास्त अस्वस्थ असतात. त्यावरून मागण्याने अस्वस्थता येते असा अर्थ काढणं साफ चूक. माणूस हादरलेला असतो म्हणूनच मागायला जातो.

नवसाचा हिशेबही असाच एकतर्फी राहतो, कारण फेडायला येतात ते नवस पावलेलेच. मेलोसच्या डायागोरसला समुद्रातून वाचलेल्यांनी वाहिलेल्या तसबिरी दाखवल्या तेव्हा बुडालेल्यांच्या कुठे आहेत असं त्याने विचारल्याची गोष्ट सिसेरोने सांगितली आहे.

सामूहिक प्रार्थनेचा सर्वांत चांगला अभ्यास आपल्याच देशातला आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात कल्पवासी महिनाभर गंगेच्या वाळूत तंबू ठोकून राहतात: पहाटे थंडगार पाण्यात स्नान, साधं जेवण, दिवसभर भजन-प्रवचन, आणि कानठळ्या बसवणारे लाऊडस्पीकर. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या गटाने ४१६ कल्पवासींना मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर प्रकृतीविषयी विचारलं, आणि मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांनाही तेच विचारलं. २०१२ साली छापलेल्या निष्कर्षात मेळ्याला गेलेल्यांना आपली तब्येत सुधारली असं वाटत होतं. त्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात कल्पवासींना एकच गोंगाट ऐकवला गेला. हा मेळ्यातला आवाज आहे असं सांगितलं तेव्हा त्यांनी तो जास्त वेळ आणि आनंदाने ऐकला. शहरातल्या रस्त्यावरचा आहे असं सांगितल्यावर तोच आवाज नकोसा झाला.

एमिल दुर्खीमने १९१२ साली समूहातल्या उधाणलेल्या चैतन्याबद्दल जे लिहिलं त्याचा हा एक हाती लागणारा नमुना म्हणता येईल. पण तब्येत सुधारली हे कल्पवासींचंच म्हणणं आहे, रक्ततपासणीचं नाही. ज्यांना चालवत नाही ते मेळ्याला गेलेच नसतील. आणि स्नान, उपास, भजन, शेजारच्या तंबूतली ओळख यांतलं नेमकं काय लागू पडलं, हे वेगळं काढता येत नाही. वारीचा अभ्यास करायला निघालेल्यालाही चाल, अभंग आणि दिंडीतली माणसं यांच्याबाबत हीच अडचण येईल. औषधासारखी चाचणी घ्यायची तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना मेळ्याला पाठवावं लागेल आणि अर्ध्यांना घरी ठेवावं लागेल. पण चिठ्ठी निघाली म्हणून महिनाभर वाळूत राहिलेला माणूस कल्पवासी नसतो, आणि चिठ्ठी न निघालेला खरा कल्पवासी घरी बसत नाही.