जोडी सापडली, पण जागा?

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मराठी बायबल पिढ्यान्‌पिढ्या वाचले जात आहे. शब्बाथशाळेतल्या मुलांना त्यातल्या पुस्तकांची नावे क्रमाने पाठ करायला लावतात, बहुधा चाल लावून. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद असे सुरू झालेले मूल एका दमात बरेच पुढे जाते. मात्र त्याच मुलाला ‘रूथच्या आधी कोणते पुस्तक?’ असे विचारा. ते मनातल्या मनात उत्पत्तीपासून म्हणू लागेल. चालीत बांधलेल्या क्रमात मधून शिरता येत नाही, हा या पद्धतीचा मूळ दोष आहे. शिवाय कोणत्याही लांब यादीत सुरुवातीची आणि शेवटची नावे टिकतात, मधली घसरतात. त्यामुळे चित्रांच्या पत्त्यांचा स्मरणखेळ करावा, ही कल्पना शेवगावसारख्या तालुक्याच्या गावातल्या शिक्षकालाही सहज सुचेल. कल्पना चांगली आहे. परंतु हा खेळ आपल्याला माहीत असलेल्या रूपात जसाच्या तसा उचलला तर त्यातून क्रमही येत नाही आणि कथाही येत नाही, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही यायचे असतील तर क्रमाचे कारण कथेतून काढावे लागेल, आणि ते कारण सांगितल्याशिवाय जोडी मिळणार नाही असा नियम करावा लागेल.

नेहमीच्या खेळात सारख्या चित्रांचे दोन-दोन पत्ते पालथे मांडतात, दोन उलटायचे, जुळले तर आपले. इथे मूल लक्षात ठेवते ते ‘खालच्या ओळीत डावीकडून दुसरा’ हे. चित्रावर नोहाचे तारू असो की वांगे, डाव जिंकायला फरक पडत नाही. चित्राला चित्र जोडण्याऐवजी चित्राला पुस्तकाचे नाव जोडायला लावले की निम्मे काम होते, कारण आता नाव वाचावे लागते आणि कथा आठवावी लागते. उरलेले निम्मे काम क्रमाचे. जोडी उचलून मांडीखाली ठेवली की तिचा शेजाऱ्यांशी संबंध संपतो, म्हणून जोडी खेळाडूच्या ढिगात जाताच कामा नये. ती सर्वांसमोरच्या एका रांगेत, आपल्या जागी लागली पाहिजे.

चित्र कसे असावे, याचा धडा महाराष्ट्रातच आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पत्ते, असे एकूण १२० गोल पत्ते असतात. खेळणाऱ्याला मत्स्याचा पत्ता ओळखायला प्रलयाचा देखावा लागत नाही. मासा दिसला की पुरे. कासव, परशू, प्रत्येकाची खूण वेगळी आणि ठसठशीत. शब्बाथशाळेच्या छापील चित्रांत नेमके उलट असते: दाढीवाले पुरुष, लांब झगे, मागे डोंगर. सहा पत्ते शेजारी ठेवले की मोशे कोणता आणि शमुवेल कोणता हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. तेव्हा पत्त्यावर प्रसंग नको, खूण हवी, आणि संचातल्या दुसऱ्या कोणत्याही खुणेशी तिची गल्लत होता कामा नये.

पहिला संच उत्पत्तीपासून २ राजेपर्यंतच्या बारा पुस्तकांचा करावा असे मला वाटते. इथे कथा बहुतांशी सलग पुढे सरकते. शिवाय प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असली तरी हा भाग दोन्हीकडे त्याच क्रमाने येतो, त्यामुळे एकाच वस्तीतली दोन्ही चर्चची मुले एका सतरंजीवर बसू शकतात. आता खुणा. उत्पत्तीला तारू सहज सुचते. पण पुढे योनाचे गलबत येणार आहे, तिथे घोटाळा होईल. त्यापेक्षा योसेफाचा झगा घ्यावा. योसेफामुळे त्याचे घराणे मिसर देशात गेले, आणि निर्गम तिथेच सुरू होते. म्हणून निर्गमला लव्हाळ्यातली टोपली. समुद्र दुभंगल्याचे चित्र टाळावे, कारण यहोशवात यार्देनेचे पाणीही थांबते. लेवीयमध्ये कथा फारशी नाही, विधीच अधिक. सोळाव्या अध्यायातले दोन बकरे मात्र लक्षात राहतात, एक वेदीसाठी आणि एक रानात सोडलेला. गणनेला दोघांनी दांडीवर वाहून आणलेला द्राक्षांचा घड, अनुवादला डोंगरमाथ्यावरून देश पाहणारा मोशे, यहोशवाला यरीहोची पडती भिंत, शास्तेला गिदोनाची मडक्यात लपवलेली दिवटी. रूथला सरव्याची कणसे आणि १ शमुवेलला गोफण, या दोन खुणा शेवगावच्या ज्वारी-बाजरीच्या रानात वाढलेल्या मुलाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. २ शमुवेलला नाचणारा राजा, १ राजेला चोचीत भाकर धरलेला कावळा, २ राजेला नदीत बुडी मारणारा नामान. विस्तव एकाच खुणेत आहे, टोपली एकाच. सिंह मुद्दाम घेतलेला नाही. तो शमशोनाच्या आणि दावीदाच्या कथेत येतो आणि पुढे दानीएलला लागणार आहे.

एका बैठकीला बाराही जोड्या नकोत. सहा जोड्या, म्हणजे चार-चारच्या तीन ओळी, सात-आठ वर्षांच्या मुलाला पुरतात. चित्रांची पाठ एका रंगाची आणि नावांची दुसऱ्या, म्हणजे प्रत्येक पाळीत एक चित्र आणि एक नाव उलटले जाते आणि दोन नावे निघून पाळी फुकट जात नाही. पत्त्यावर अनुक्रमांक छापू नये. मूल आकडे लावील आणि पुस्तक पाहणारही नाही. नावे मात्र मुलांच्या घरी जी प्रत आहे तिच्यातलीच असावीत. आता मुख्य नियम. जोडी सापडली की ती शोधणाऱ्याने नव्हे, पुढच्या मुलाने रांगेत लावायची आणि ‘इथेच का’ ते एका वाक्यात सांगायचे. जागा चुकली तर दोन्ही पत्ते परत पालथे. यामुळे नजर तीक्ष्ण असलेले एकच मूल सगळा डाव मारून नेत नाही, आणि कथा सांगणे हे खेळाबाहेरचे प्रवचन न राहता चालच होऊन बसते.

समजा रांगेत निर्गम आणि रूथ लागले आहेत आणि गणनेची जोडी निघाली. द्राक्षांचा घड पाहून मुलाने विचार करायचा: हा घड त्या देशातून आणला ज्यात लोक अजून शिरले नव्हते, मिसरमधून तर ते निघाले होते, आणि रूथ त्या देशातल्या बेथलेहेमात सरवा वेचते. म्हणून घड दोघांच्या मध्ये. मग शास्ते निघाले तर? रूथची कथा शास्त्यांच्या काळात घडली असे तिच्या पहिल्याच ओळीत आहे आणि तिचा शेवट दावीदाच्या वंशावळीवर होतो. म्हणून शास्ते तिच्या अलीकडे आणि शमुवेल पलीकडे. ज्या मुलाने हे एकदा स्वतः जुळवले त्याला रूथच्या आधीचे पुस्तक सांगायला उत्पत्तीपासून निघावे लागणार नाही. आठवून काढण्याने स्मरण पक्के होते, याला चांगला आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र मजकूर न पाहता आठवून पाहणारे पुढे गेले. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते हे खरे. पण रविवार ते रविवार चालणाऱ्या शाळेने आठवड्यानंतरच्या निकालाकडेच पाहायला हवे. म्हणून खेळाची परीक्षा त्याच दिवशी घेऊ नये. पुढच्या रविवारी नावे काढून घेऊन पाच चित्रे हातात द्यावीत आणि क्रमाने लावायला सांगावे. जोड्या भराभर शोधणारे मूल इथे अडखळले, तर खेळ केवळ जागा शिकवतो आहे, असे समजावे.

पवित्र शास्त्राचा खेळ करू नये, असा आक्षेप येईल. त्यामागची कळकळ खरी आहे. पण गंजिफावर अवतार आले आणि मोक्षपटावर पापपुण्याच्या पायऱ्या आल्या, त्याने श्रद्धा पातळ झाल्याचे दिसत नाही. नगरच्या ख्रिस्ती मंडळीने तर कीर्तनाचा बाज उचलून येशूची कथा लावली. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: एका खुणेत पुस्तक कोंबले की मुलासाठी पुस्तक तेवढेच उरते. रूथ म्हणजे सरवा, निर्गम म्हणजे टोपली. यावर उपाय असा की नावांचे पत्ते तेच ठेवून चित्रे बदलावीत. पहिला संच हाताखालचा झाला की निर्गमला जळते झुडूप, यहोशवाला राहाबेच्या खिडकीतला किरमिजी दोर. एका नावाला दोन-तीन खुणा जोडल्या गेल्या की नाव खुणेपेक्षा मोठे होते. शास्त्यांमधले काही प्रसंग लहानांपुढे ठेवण्यासारखे नाहीत. ते वगळावेत, आणि वगळले आहेत हे शिक्षकाने लक्षात ठेवावे.

शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात आणि अनेक महिने वर्गात नसतात. दर रविवारी पुढे सरकणारा अभ्यासक्रम त्यांच्यासाठी तुटलेलाच असतो. सहा जोड्यांचा संच स्वतःपुरता पूर्ण असेल तर परतलेले मूल कोणत्याही संचापासून बसू शकते, आणि एक संच कापडी पिशवीत घालून कारखान्यावरच्या कोपीतही जाऊ शकतो. त्यासाठी पत्ते जाड पुठ्ठ्याचे हवेत. पातळ कागदातून चित्र पाठीवर उमटते, आणि कोपरा दुमडलेला पत्ता मुले पाठीवरूनच ओळखू लागतात. म्हणून कोरे जादा पत्ते जवळ ठेवून असा पत्ता लगेच बदलावा.

या रचनेला मर्यादा आहे आणि ती बायबलच्या रचनेतच आहे. यशयापासून मलाखीपर्यंतचा क्रम काळाचा नाही. मोठे ग्रंथ आधी आणि मग बारा लहान. पौलाची पत्रेही ढोबळमानाने लांबीप्रमाणे लावलेली आहेत, आधी मंडळ्यांना लिहिलेली, रोमकरांपासून. मग व्यक्तींना लिहिलेली, फिलेमोनापर्यंत. इथे ‘इथेच का’ याचे उत्तर कथेत सापडणार नाही, आणि ओढूनताणून कथा रचून क्रम पटवणे ही मुलांची फसवणूक होईल. योना आणि मीखा शेजारी का, याला बालकथेचे उत्तर नाही. त्या भागासाठी पत्त्यांची रुंदी पुस्तकाच्या लांबीप्रमाणे ठेवावी. रोमकरांसचा पत्ता रुंद, तीतचा चिंचोळा, आणि मंडळ्यांची व व्यक्तींची पत्रे दोन वेगळ्या रंगांत. म्हणजे मुलाला क्रमाचे खरे कारण डोळ्यांनी दिसेल. गलतीकरांस आणि इफिसकरांस या दोघांत इफिसकरांस किंचित लांब असूनही नंतर येते. तेवढी एक जोडी शिक्षकाने अपवाद म्हणून सांगून टाकावी. बारा लहान संदेष्ट्यांना लांबीचाही नियम नीट लागत नाही. तिथे जुनी चालच बरी, आणि योना, आमोस, हाग्गय अशी तीन-चार नावे खुणांनी पक्की करून मुलाला मधून शिरायला दारे करून द्यावीत.