चित्राखालचा ‘मी’

कात्रजच्या घाटांतून पुण्याकडे पाहत उभें राहिलें असतां, सूर्य मावळल्यावर सुमारें अर्धा तास असा येतो कीं, शहर दिसतेंहि आणि दिसत नाहींहि. डावीकडल्या डोंगरांमागें थोडासा उजेड रेंगाळत असतो, आकाश अजून निळें असतें, आणि खालीं घरांचे आकार पुसून जाऊन नुसते दिवे उरतात. घाटाच्या वळणांवर या वेळीं फोन उंच धरून उभीं असलेलीं माणसें हटकून आढळतात. छायाचित्र काढावें, त्याखालीं चार ओळींची कविता लिहावी आणि तें आप्तेष्टांस धाडावें, असा अलीकडचा परिपाठ आहे. त्याला नाक मुरडण्याचें मला कारण दिसत नाहीं. परंतु या परिपाठापायीं आमच्या घरीं एक लहानसें प्रकरण घडलें, आणि त्यानें मला काव्यांतील सत्याविषयीं पुष्कळ दिवस विचार करावयास लावलें.

माझी पुतणी पुण्यास वसतिगृहांत राहून शिकते. एका संध्याकाळीं ती आणि मी असे दोघें घाटांत फिरावयास गेलों होतों. तिनें चित्र काढलें तेव्हां तिची पिशवी हातांत धरून मी तिच्या शेजारींच उभा होतों. रात्रीं तें चित्र सर्वांकडे आलें. खालीं ओळी होत्या:

दिवे खालीं, तारे वर,
मधें उभी एकटी मी;
इतुक्या या शहराला
कुठें आहे माझी कमी?

पंधरा मिनिटांत सोलापुराहून वहिनींचा फोन आला. “भावोजी, ही एवढ्या रात्रीं घाटांत एकटी काय करत होती? आणि तिचं काही बिनसलंय का?” मीं त्यांची समजूत घातली, पण त्या रात्रीं त्यांना झोंप लागली नाहीं, हें दुसऱ्या दिवशीं कळलें. पुतणीस विचारलें तर ती म्हणाली, “काका, कवितेत एवढं चालतं ना?”

प्रश्न साधा असला तरी उत्तर सोपें नव्हतें. कवितेंत हें चालतें, यांत संशय नाहीं. राम जोशी किंवा होनाजी बाळा यांच्या लावण्यांत विरहिणी स्वतःच्या तोंडानें बोलते, म्हणून त्या शाहिरांस कोणी खोटें म्हणत नाहीं. तेथला ‘मी’ हें एक सोंग आहे, हें गाणाराला ठाऊक असतें आणि ऐकणारालाहि ठाऊक असतें. कवीस मिळणारी मोकळीक या उभयपक्षीं मान्य असलेल्या करारावर उभी आहे.

छायाचित्राखालीं हा करार मोडतो. चित्र म्हणतें, अमुक स्थळ, अमुक वेळ, आणि हें पाहणारा डोळा अमक्याचा. त्याला लगटून खालीं ‘मी’ हा शब्द आला कीं, तो ‘मी’ विरहिणीचा राहत नाहीं, पाठविणाराचा होतो. त्याच चार ओळी वहीत असत्या तर वहिनींनीं त्या वाचून कौतुक केलें असतें. चित्राखालीं त्या साक्ष झाल्या, आणि साक्षीवर माणसें विश्वास टाकतात.

मात्र त्या ओळींतील प्रत्येक असत्य सारख्याच योग्यतेचें नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. ‘तारे वर’ हेंही खोटेंच होतें. चित्रांत एकहि तारा नाहीं. आणि असणार कोठून? त्या घटकेला आकाश पुरतें काळें झालेलें नसतें, शहराचा उजेड वर पसरलेला असतो, आणि आजचे फोन अंधुक प्रकाशांत एकामागून एक अनेक चित्रें घेऊन तीं एकत्र करतात, म्हणून आकाश आपण पाहिलें त्याहून उजळच उमटतें. पण खालच्या दिव्यांना वरचे तारे जोडण्याचा संकेत इतका जुना आहे कीं, त्यानें कोणी फसत नाहीं. ‘एकटी’ या शब्दानें मात्र तीनशें मैलांहून कमी अंतरावर असलेली एक आई फसली. असत्याचें माप शब्दांत सांपडत नाहीं. त्यावर कोण विसंबून राहील, हें पाहावें लागतें.

पुतणीनें दुसरा बचाव केला कीं, ‘दोघें’ छंदांत बसेना. हा बचाव मात्र तपासतां येण्यासारखा होता. तिच्या ओळी आठ आठ अक्षरांच्या होत्या; लहान अभंगाचें माप तें हेंच. मीं तिला मोजून दाखविलें: ‘मधें उभीं दोघें आम्ही’ हींहि आठच अक्षरें आहेत, आणि ‘कमी’शीं यमकहि कसेंबसें जुळतें. छंद निर्दोष ठरला. खरा अपराधी यमक होता. गेल्या शतकाच्या अखेरीस चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’नें चारोळी घरोघरीं नेली, तेव्हांपासून दुसरी आणि चौथी ओळ जुळविण्याची संवय सर्वांस जडली आहे. ‘मी’ला जोड हवी म्हणून ‘कमी’ आली. ‘कमी’ आली म्हणून शहराला हिची उणीव भासेना. आणि उणीव भासेना म्हणून ही एकटी पडली. दुःख आधीं नव्हतेंच. तें यमकाच्या पाठोपाठ आलें. शिवाय ‘माझी कमी’ हा प्रयोग हिंदीचा. मराठींत ‘कमी’ हें विशेषण आहे. परकी वाक्यरचना अशी पाहुणी आली कीं भावनाहि बहुधा उसनी असते, असा माझा अनुभव आहे.

“मग लिहायचं काय?” ती म्हणाली. मीं विचारलें, “तेथें उभी असतांना तूं खरोखर काय करीत होतीस?” ती थोडा वेळ आठवत राहिली. ती आपल्या वसतिगृहाची खिडकी शोधीत होती. मींहि बोट दाखवून शोधीत होतों, आणि आम्हां दोघांसहि ती सांपडली नव्हती. मग तिच्या लक्षांत आलें कीं, सांपडलीच नसती. निघतांना तिनें दिवा मालवला होता.

हें चित्रांत नव्हतें आणि येणेंहि शक्य नव्हतें. कॅमेऱ्यास लागलेले दिवे दिसतात. न लागलेला दिवा फक्त शब्दांस दिसतो. त्या एका गोष्टीसाठींच चित्राला चार ओळींची गरज होती.

बांधणीसाठीं मीं तिला रुबाईचा घाट सुचविला. माधव जूलियनांनीं उमर खय्यामच्या रुबाया फारसींतून मराठींत आणल्या, त्या प्रकारांत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जुळते, तिसरी मोकळी राहते. यमकाची ओढ नसल्यामुळें खरी बातमी त्या तिसऱ्या ओळींत सांगतां येते. रुबाईचें फारसी वृत्त आम्ही घेतलें नाहीं. अक्षरें आठच ठेवलीं. दोन संध्याकाळींच्या खाडाखोडीनंतर तिनें हें लिहिलें:

संध्याकाळीं घरोघरीं
दिवे लागले शहरीं;
एक त्यांत कमी आहे,
मालवून आलें वरी.

‘कमी’ परत आली आहे, पण आतां मराठी होऊन. पहिल्या ओळींतली हुरहूरहि कोठें गेली नाहीं; फक्त ती आतां कोणास घाबरवीत नाहीं.

येथें एक शंका माझी मलाच आली. या ओळींतहि मी कोठें आहें? ‘आलें’ हें एकवचनच आहे. मग ‘एकटी’ म्हणणें आणि काकाला वगळणें यांत भेद काय? भेद आहे असें मला वाटतें. वगळणें हा चौकटीचा धर्म आहे. तिच्या चित्रांत कठडा नव्हता, कण्हत चढणारा ट्रक नव्हता, पिशवी नव्हती. चौकटीबाहेर पुष्कळ कांहीं उरतें, हें पाहणारा जाणून असतो. पण ‘एकटी’ हा शब्द चौकटीबाहेरच्या जागेवर हक्क सांगतो. तेथें कोणी नाहीं, असें तो बजावतो. मौन आणि नकार यांतलें हें अंतर कधीं कधीं फार बारीक होतें, हें मला कबूल आहे. मी शेजारीं नसून तेथें कोणी परका असता, आणि त्या मौनाचा आईस उपसर्ग पोंचला असता, तर मीं असाच निकाल दिला असता कीं काय, हें मला सांगवत नाहीं.

नव्या ओळी त्याच चित्राखालीं सोलापुरास गेल्या. वहिनींचें उत्तर लगेच आलें: “दिवा मालवलास ते बरं केलंस. खोलीला कुलूप लावलं होतंस ना?”