घर दुसऱ्यांना दिलं, हे सांगताना

घर भाड्याने देणाऱ्याला बाकी सगळं जमतं. एजंटला फोन करणं, रंग काढून घेणं, येणाऱ्यांना घर दाखवणं, भाडं आणि डिपॉझिट यावर बोलणं. अडतं ते शेवटी. पाचांनी घर पाहिलेलं असतं, ते एकालाच मिळणार असतं आणि उरलेल्या चौघांना तसं सांगायचं असतं. इथे बरेच मालक काहीच करत नाहीत. मेसेज आला की वाचून ठेवून देतात, फोन वाजला तर वाजू देतात. ‘कळेल त्यांचं त्यांना’ असं मनाशी म्हणतात. कळतंही, पण उशिरा. आणि तो उशीर भाडेकरूच्या अंगावर पडतो.

घर शोधणाऱ्याने बहुधा आधीच्या घरमालकाला महिन्याची नोटीस दिलेली असते. त्या दिवसापासून त्याच्यामागे तारीख लागते. एका घराचा होकार येईल या आशेवर तो दुसरी घरं पाहायची थांबतो, एजंटला ‘दोन दिवस थांबा’ म्हणतो आणि तेवढ्यात बरी घरं निघून जातात. त्याला राग येतो तो बहुतेक वेळा नकाराचा नसतो, या फुकट गेलेल्या दिवसांचा असतो. म्हणून नकार दुखवणार नाही असा कसा द्यायचा, याचं पहिलं उत्तर शब्दांत नाही, वेळेत आहे.

कोथरूडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं 28 हजार, डिपॉझिट एक लाख, 1 जूनपासून रिकामा. मेमध्ये पाच जण पाहून गेले. एक तरुण जोडपं, त्यांना 1 जूनलाच घर हवं होतं. मुलाची शाळा जवळ पडते म्हणून आलेलं एक कुटुंब. लेकीच्या जवळ राहायला येणारे एक आजी-आजोबा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या तिघी मुली, त्यांना जुलैपासून जागा हवी होती. आणि एक गृहस्थ, ज्यांनी घर पाहिल्याच्या संध्याकाळी, कुणी मागितले नसताना, पाच हजार रुपये टोकन म्हणून बाईंच्या खात्यावर पाठवून दिले.

बाईंनी जोडप्याला घर द्यायचं ठरवलं. पण त्या दिवशी त्यांनी इतरांना लगेच ‘नाही’ कळवलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तोंडी ठरलेलं घर मोडतं. पसंत केलेला भाडेकरू आयत्या वेळी फिरतो आणि मग ज्यांना नको म्हटलं त्यांच्याच दारात जावं लागतं. मात्र त्या गप्पही बसल्या नाहीत. चौघांना त्यांनी एकच ओळ पाठवली: एका कुटुंबाशी बोलणी पुढे गेली आहेत, शुक्रवारपर्यंत नक्की काय ते कळवते, तोवर तुम्ही दुसरीकडे पाहणं थांबवू नका. ही ओळ फार मोलाची आहे. आशा लावून ठेवलेली नाही, दारही बंद केलेलं नाही आणि समोरच्याचे चार दिवस त्याच्या हातात राहिले आहेत.

आता शुक्रवार. आदल्या दिवशी जोडप्याशी करार नोंदला गेला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. हल्ली माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो आणि नोंदणी ऑनलाइन होते. ती झाली की घर खरोखर दिलं गेलं. चौघांना पाठवायचा निरोप याच घटनेवर उभा करायचा.

कारण इथेच बहुतेकांची गाडी घसरते. नकार मऊ करायला म्हणून कारण शोधलं जातं. ‘मुलगा अमेरिकेहून परत येतोय.’ ‘घर विकायचं ठरलं.’ तिघी मुलींसाठी बाईंनीही आधी लिहिलं होतं, ‘सोसायटीला बॅचलर चालत नाहीत.’ सोसायटीत तसं कुणी कधी ठरवलेलं नव्हतं, एकदोघे नुसते कुरकुरत. मेसेज गेला असता तर त्या मुलींनी एजंटमार्फत सोसायटीच्या सचिवांना विचारलं असतं आणि तसा नियमच नसल्याचं त्यांना कळलं असतं. बाईंनी ते वाक्य खोडलं. मुलींना घर मिळालं नाही त्याचं कारण तारखेचं होतं, सोसायटीचं नव्हतं. खोटं कारण एकाच परिसरात टिकत नाही, आणि ते उघडं पडलं की साधा नकार अपमान होऊन बसतो.

खरं कारण तरी लिहावं का? माझं मत, समोरच्या माणसाविषयीचं असेल तर लिहू नये. ‘तुमचं कुटुंब मोठं आहे’ म्हटलं की उत्तर येतं, आई गावीच असते. ‘कुत्रा आहे’ म्हटलं की कुत्रा भावाकडे ठेवायची तयारी निघते. ‘भाडं कमी सांगितलंत’ म्हटलं की हजार वाढतात. प्रत्येक कारण म्हणजे पुन्हा सुरू झालेली बोलणी, आणि घर तर गेलेलं असतं. आपल्याकडे स्थळाला नकार देताना ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणायची रीत होती. मुलीत खोट नाही, घरात खोट नाही, योग नव्हता एवढंच; म्हणून ती दोन्ही घरं पुढेही लग्नकार्यात भेटत राहत. घरमालकाकडे पत्रिका नाही, पण नोंदलेला करार आहे. घर दुसऱ्या कुटुंबाला दिलं, करार झाला, एवढं सांगणं खरं आहे, पुरेसं आहे आणि त्यात कुणाला कमी लेखलेलं नाही.

शाळेजवळ घर हवं असणाऱ्या कुटुंबाला बाईंनी पाठवलेला निरोप असा होता:

‘नमस्कार. रविवारी आपण सगळे घर पाहायला आलात, आपला वेळ दिलात, त्याबद्दल आभार. हा फ्लॅट एका कुटुंबाला दिला असून काल त्यांच्याशी करार नोंदला गेला. त्यामुळे आपल्याला तो देता येणार नाही. आपण पाठवलेल्या आधार आणि पॅनच्या प्रती मी फोनमधून काढून टाकल्या आहेत. शाळेजवळ आपल्याला लवकर चांगलं घर मिळो.’

यात काय नाही ते पाहा. ‘आपली निवड झाली नाही’ नाही, कारण ते परीक्षेच्या निकालासारखं वाटतं. घर कुणाला दिलं, त्यांचं नाव काय, ते किती भाडं देणार, हे नाही. ‘पुढे रिकामं झालं तर आधी तुम्हालाच’ हेही नाही. मनात नसेल तर ते लिहूच नये, कारण लोक ते लक्षात ठेवतात आणि अकरा महिन्यांनी फोन करतात. ‘देता येणार नाही’ हे मात्र स्पष्ट आहे. सभ्यपणाच्या नादात हेच वाक्य धूसर होतं आणि वाचणारा पुन्हा विचारतो, ‘म्हणजे अजून चान्स आहे का?’

कागदांची ओळ मला सगळ्यांत आवडली. लोक घर मिळेल म्हणून आधार, पॅन, कंपनीचं पत्र, कधी पगाराची स्लिपसुद्धा अनोळखी माणसाच्या फोनवर पाठवतात. घर मिळालं नाही तरी कागद तिथेच पडून राहतात. खरं तर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाचे कागद मागायची गरजच नसते. करार आणि पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती, दोन्हींसाठी ते लागतात फक्त ज्याला घर द्यायचं त्याचे. बाकीच्यांचे आले असतील तर काढून टाकावेत आणि काढल्याचं कळवावं.

टोकन पाठवणाऱ्या गृहस्थांसाठी मेसेज पुरेसा नव्हता. पैसे खात्यावर पडून आहेत आणि आपण गप्प आहोत, याचा अर्थ समोरचा ‘घर आपलं’ असाच घेतो. भांडणं होतात ती इथे. खरं तर बाईंनी ते पाच हजार आले त्याच रात्री परत करायला हवे होते. ते राहून गेलं होतं, म्हणून शुक्रवारी त्यांनी क्रम पाळला: आधी ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर पूर्ण रक्कम परत, मग फोन, मग परतीचा व्यवहार क्रमांक असलेला मेसेज. गृहस्थ चिडलेच. ‘एजंट तर म्हणाला होता, घर तुमचंच समजा.’ बाई म्हणाल्या, ‘त्याने तसं म्हणायला नको होतं, तुम्हाला त्रास झाला. पण करार काल नोंदला गेला आहे, आता त्यात बदल होणार नाही.’ त्यानंतर आलेल्या दोन मेसेजना त्यांनी उत्तर दिलं नाही. एकदा शांतपणे उत्तर द्यावं, दुसऱ्यांदा दिलं की वाद सुरू होतो. शिवाय लिहिलेलं राहतं. व्हॉट्सअॅपवरचं वाक्यही उद्या पुरावा म्हणून समोर ठेवता येतं.

एजंटवर नकार सोपवायचा असेल तर शब्द आपले द्यावेत. ‘त्यांना नाही सांगून टाका’ म्हटलं की तो स्वतःचं काहीतरी सांगतो, आणि ते आपल्या नावावर जमा होतं.

परदेशात घर भाड्याने देणाऱ्या मराठी माणसांना मात्र हा सगळा हिशेब थोडा वेगळा मांडावा लागतो. अमेरिकेत अर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट पाहून नकार दिला, तर तसं कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. रिपोर्ट कोणत्या संस्थेकडून घेतला तिचं नाव द्यावं लागतं आणि 60 दिवसांत त्याची फुकट प्रत मागायचा हक्क असल्याचंही सांगावं लागतं. तिथे गोड शब्द लिहून ही माहिती गाळली, तर ती सभ्यता ठरत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आडनाव, जात, धर्म किंवा भाषा बघून नाकारलेल्या माणसाला कितीही नम्र मेसेज पाठवला, तरी त्याला खरं काय ते कळलेलं असतं. अशा नकाराचं सभ्य रूप नसतं. जी अट उघडपणे सांगायची लाज वाटते, ती मनातही ठेवू नये; आणि जी योग्य आहे, जसं 1 जूनपासूनच घर द्यायचं किंवा चारांहून जास्त माणसं नकोत, ती जाहिरातीतच लिहावी. मग ज्याला ती जमत नाही तो घर पाहायला येतच नाही, आणि नकाराची वेळही येत नाही.

असा एखादा निरोप तुमच्याकडूनही राहिला असेल तर आत्ताच पाठवून टाका. समोरच्या माणसाला निदान आजचा दिवस दुसरी घरं पाहायला मिळेल.