चुकारा आला का?

जुलैत रोवणा सुरू झाला की पारशिवनीच्या धानपट्ट्यात हातउसने पैसे फिरू लागतात. मजुरी रोखीनं द्यावी लागते, मग मित्र मित्राकडे जातो. समजा, वीस हजार दिले. ना कागद, ना व्याज. "धान निघालं की देतो", एवढाच करार.

पण धान निघणं वेगळं आणि पैसा हातात येणं वेगळं. कापणी, चुरणी, खरेदी केंद्रावरची मोजणी आणि त्यानंतर कधीतरी खात्यात पडणारा चुकारा. दिवाळीतच आठवण दिली तर मित्राजवळ नसलेला पैसाच आपण मागतो. त्याला खोटं बोलावं लागतं किंवा टाळावं लागतं. अबोला इथूनच सुरू होतो. म्हणून चुकारा येण्याच्या सुमारास, तेही एकट्यालाच, विचारावं. पानठेल्यावर चारचौघांत नको, त्याच्या घरच्यांसमोर तर नकोच.

शब्द साधे असावेत: "रोवण्याच्या वेळी वीस हजार दिले होते, त्याबद्दल बोलायचं होतं. चुकारा आला का? आला असेल तर कधी जमेल ते सांग. एकदम जमत नसेल तर आता किती आणि बाकीचे कधी, तेवढं ठरवून घेऊ."

यात रक्कम आहे, त्यामुळे गोष्ट मोघम राहत नाही. "विसरलास का?" हा प्रश्न नाही, कारण त्यात आरोप दडलेला असतो. आपण त्याच्याकडे तारीख मागतो, खुलासा मागत नाही. हप्त्याची वाट आपणच दाखवली, की ती मागण्याची लाज त्याच्या वाट्याला येत नाही.

पुष्कळ जण इथं एखादी अडचण रचतात: "पोरीची फी भरायची आहे." ती खरी नसेल तर बोलू नये. त्या फीपोटी मित्रानं दुसरीकडून व्याजानं पैसे उचलले, तर तो भार आपल्या खोटेपणाचा. "काही घाई नाही" हेही तसंच. मनात घाई असताना म्हटलेलं हे वाक्य पुढं आपल्यालाच डाचतं.

फार थांबणंही बरं नाही. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे परतीची तारीख न ठरवता दिलेल्या उसन्या रकमेसाठी दावा करायची मुदत साधारण पैसे दिल्यापासून ३ वर्षं असते. आपण कितीदा आठवण दिली, त्यानं ती वाढत नाही. मुदतीच्या आत घेणाऱ्यानं देणं लेखी मान्य करून सही केली, तर ती नव्यानं मोजतात. कोर्टापर्यंत जायचं नसतंच, पण तिसऱ्या वर्षी घाबरून केलेली मागणी पहिल्या वर्षीच्या विचारण्याइतकी मऊ राहत नाही.

आणि पैसे सोडायचेच असतील तर उघड सोडावेत. तुकोबांनी घरच्या सावकारीचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले, भावाचा हिस्सा त्याला दिला, असं सांगतात. त्यानंतर हिशेब उरला नाही. तोंडानं माफ करून मनात मोजत राहणाऱ्याची मैत्री पैशासोबतच जाते.

सोडले नसतील आणि मित्रानं पाच हजार दिले, तर त्याच दिवशी कळवावं: "पाच मिळाले, पंधरा राहिले. उरलेल्यांचं उन्हाळी धानानंतर बोलू."