वळणावरचा प्रकाश

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण शाळेत शिकतो. मग काचेच्या केसभर तंतूतून तो घाट उतरून, गल्ल्या वळून घरातल्या राउटरपर्यंत कसा पोचतो?

तंतूला आतून आरशासारखा मुलामा असेल, असं आधी वाटतं. तसा असता तर प्रकाश वाटेतच संपला असता. आरसा दर परावर्तनाला पाच टक्के प्रकाश गिळतो असं धरलं, तर शंभर परावर्तनांनंतर एक टक्काही उरत नाही.

ऑप्टिकल फायबरमध्ये काचेभोवती काचच असते. मधला गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, आवरणासकट जाडी १२५ मायक्रॉन. गाभ्याचा अपवर्तनांक १.४५० धरला, तर आवरणाचा साधारण १.४४५; फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. तरी एवढ्यावर काम भागतं. गाभ्यातला किरण सीमेला पुरेसा तिरका भिडला, तर तो बाहेर न पडता सगळाच्या सगळा आत परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. इथे क्रांतिक कोन सुमारे ८५ अंशांचा येतो. म्हणजे तंतूच्या दिशेपासून पाचएक अंशांच्या आत राहणारा प्रकाशच टिकतो.

सैल वळणावर ही मर्यादा पाळली जाते. आवळलेल्या वळणावर मोडते. इतक्या बारीक गाभ्यात प्रकाशाचा विचार लाटेसारखा करावा लागतो, आणि त्या लाटेची कड थोडी आवरणातही पसरलेली असते. लेझीमची रांग वळताना बाहेरच्या टोकाच्या गड्याला धावावं लागतं, तसं वळणाच्या बाहेरच्या कडेला लाटेला जास्त वेगानं जावं लागतं. काचेत प्रकाशाच्या वेगाला मर्यादा आहे. ती गाठली की कडेचा प्रकाश मागे पडतो आणि आवरणातून निसटतो.

म्हणून शेकडो किलोमीटरच्या सैल वळणांनी जे बिघडत नाही, ते कपाटामागे दुमडलेल्या बोटभर वायरीनं बिघडतं आणि राउटरशेजारच्या डबीवर लाल दिवा लागतो. इंटरनेटचा प्रकाश इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा. त्यामुळे तंत्रज्ञ तंतूत लाल लेझर सोडतो. जिथे वायर लालसर उजळते, तिथे प्रकाश गळतोय.

नेहमीच्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण देऊ नये. घरांसाठी वेगळा फायबर निघाला, तो ७.५ मिलिमीटरपर्यंत चालतो. त्यातल्या अनेक प्रकारांत गाभ्याभोवती आणखी कमी अपवर्तनांकाचं एक कडं घातलेलं असतं, निसटू पाहणारा प्रकाश तिथे अडतो. तरी जास्तीची वायर कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा तिचं तळहाताएवढं वेटोळं करून ठेवावं. प्रकाश कितीही वेळा वळायला तयार असतो, काटकोनात मात्र नाही.