पाच सेकंद म्हणजे सव्वाशे फ्रेम

‘गिरमिट’ची सुरुवात आणि शेवट, दोन्ही फायली पाहिल्या. मोबाइलवर पाहिल्या, वर्गातल्या मॉनिटरवर पाहिल्या, हेडफोन लावून ऐकल्या, मग हेडफोन काढून ऐकल्या. आता जे बोलणार आहे ते नीट ऐकून घे. मध्ये ‘पण मॅडम’ नको.

मी पाच सेकंद सांगितले होते. तू अकरा सेकंद आणलेस. कारण काय, तर ‘इफेक्ट पूर्ण व्हायला तेवढा वेळ लागतो’. इफेक्ट कोणासाठी आहे रे? तुझं चॅनेल घरातली मोडतोड दुरुस्त करायला शिकवतं. समोरच्या बाईच्या कपाटाचं बिजागर निखळलंय, एका हातात दार आणि दुसऱ्या हातात फोन. ती अकरा सेकंद तुझ्या ठिणग्या बघत बसेल असं वाटतं तुला? ती स्क्रीनवर दोनदा टकटक करेल आणि व्हिडिओ दहा सेकंद पुढे जाईल. पाच सेकंदांची ओळख असली तर तिला ढकलायचं सुचण्याआधीच ती संपते. आणि ही ओळख व्हिडिओच्या अगदी तोंडाशी लावायची नाही, हेही शिकवलं होतं. आधी तुटलेलं बिजागर दाखव, आज काय दुरुस्त करणार ते दोन वाक्यांत सांग, मग ओळख. तू पहिल्या फ्रेमपासून लोगो फिरवत बसलास.

सगळ्यात जास्त राग आला तो नावाचा. ‘गिरमिट’. चार अक्षरं, त्यांतल्या दोघांना वेलांटी. तू तयार टेम्पलेट घेतलंस आणि एकेक अक्षर उडत येऊन बसेल अशी हालचाल लावलीस. मी ती फ्रेमफ्रेमने पुढे नेली. बत्तिसाव्या फ्रेमवर ‘ग’च्या आधी नुसती वेलांटी एकटी लोंबकळते आहे, शिरोरेषा तीन ठिकाणी तुटली आहे, आणि ‘म’ येऊन बसल्यावर त्याची वेलांटी मागून धावत येते. हे टेम्पलेट रोमन लिपीसाठी बनवलेलं आहे. तिथे प्रत्येक अक्षर सुटं असतं. आपल्याकडे वेलांटी हा अक्षराचाच अवयव आहे आणि शिरोरेषा सगळ्यांना बांधून ठेवते. नाव टाइप केल्यावर त्याचे आकार करून घ्यायचे, ‘गि’, ‘र’, ‘मि’, ‘ट’ असे चार गट स्वतःच्या हाताने बांधायचे आणि हालचाल गटाला लावायची. शिरोरेषा वेगळी ठेवून शेवटी डावीकडून उजवीकडे ओढली तरी चालेल, उलट शोभेल. दहा मिनिटांचं काम आहे. मराठी माणसाने स्वतःच्या चॅनेलचं नाव असं मोडकं दाखवावं, हे मी खपवून घेणार नाही.

आता वेळेचं गणित. आपण पंचवीस फ्रेमवर काम करतो, म्हणजे पाच सेकंद बरोबर १२५ फ्रेम. तू लोगो तीस फ्रेमवर बनवलास आणि पंचविसाच्या टाइमलाइनवर टाकलास. मग दर सेकंदाला पाच फ्रेम गळणारच, आणि गिरमिट फिरताना मधूनमधून अडखळतं ते त्यामुळेच. तुला वाटलं लॅपटॉप जुना झालाय.

या १२५ फ्रेम कशा वाटायच्या, ते लिहून घे. पहिल्या सहा फ्रेम रिकाम्या, फक्त तुझा तो गेरूचा रंग आणि पूर्ण शांतता. ही उधळपट्टी नाही. बरेच ब्लूटूथ हेडफोन आणि स्पीकर काहीच वाजत नसलं की झोपतात आणि फाईल सुरू झाल्यावर जागे होतात. जागं होण्यात पहिला ठोका गिळला जातो. तुझा आवाज शून्य फ्रेमवरच सुरू होतो, म्हणून माझ्या हेडफोनमध्ये त्याचं डोकं उडालेलं होतं. सातव्या फ्रेमपासून गिरमिट लाकडात शिरू दे, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने तीनदा, भुसा खाली पडू दे. पन्नासाव्या फ्रेमवर, म्हणजे दोन सेकंद झाल्यावर, नाव पूर्ण जागेवर बसलं पाहिजे. तिथून पुढे एकशेबाराव्या फ्रेमपर्यंत नाव हलणार नाही. चमकणार नाही, श्वास घेतल्यासारखं लहानमोठं होणार नाही. स्थिर. अडीच सेकंद माणसाला नाव वाचायला आणि लक्षात ठेवायला मिळाले पाहिजेत. तुझ्या अकरा सेकंदांत नाव पूर्ण आणि स्थिर किती वेळ दिसतं, मोजलंस का? अठरा फ्रेम. पाऊण सेकंदसुद्धा नाही. नऊ-दहा सेकंद तमाशा आणि नावाला अठरा फ्रेम. उरलेल्या शेवटच्या तेरा फ्रेममध्ये चित्र विरू दे, आणि आवाज त्याच्याही आधी पूर्ण संपू दे, म्हणजे तुझ्या पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्या शेपटावर पडणार नाही.

आवाजाकडे वळते, कारण तिथे तू नुसता आळस केलास. ती ‘धूम’ फुकटच्या पॅकमधली आहे. तीच ‘धूम’ शेकडो चॅनेलांवर आहे, तिने तुझी ओळख कशी पटणार? शिवाय फुकट मिळालेल्या आवाजावर उद्या कोणी हक्क सांगितला, तर तुझा प्रत्येक व्हिडिओ अडकेल, कारण प्रत्येकात तो आहे. अमेरिकेतल्या एनबीसीने तीन सुरांवर आपली ओळख उभी केली. मंद्र पंचम, मग मध्य सप्तकातला गंधार, मग षड्ज. बस. १९५० मध्ये तिथे त्या तीन सुरांची नोंदणी झाली. इंटेलची ती छोटी धून वॉल्टर वर्झोवाने १९९४ मध्ये केली, तीही तीन-चार सेकंदांत संपते. आपल्याकडे २००८ मध्ये याहूच्या आरोळीची ध्वनिचिन्ह म्हणून नोंद झाली. या सगळ्यांत सूर मोजके आहेत, आणि एकदा ऐकल्यावर माणूस गुणगुणू शकतो. तुझी ‘धूम’ गुणगुणून दाखव मला.

आणि तुझ्याकडे तर साधन घरातच होतं. गिरमिट सागात फिरताना जो ‘कर्र, कर्र, कर्र’ आवाज येतो, तो तीन अर्ध्या फेऱ्यांचा ध्वनिमुद्रित कर. मग लाकडी ठोकळ्यावर मोगरीचा एक ठोका, त्याच्यासोबत तंतुवाद्याचा एकच सूर. झाली ओळख. ठोक्याचा आवाज निवडताना मात्र फोनचा स्पीकर लक्षात ठेव. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जातलं फारसं काही बाहेर येतच नाही. तुझी ‘धूम’ हेडफोनवर छातीत बसते आणि फोनवर नुसती फुस्स होते, कारण तिचा सगळा जोर शंभर हर्ट्झच्या खाली आहे. लाकडाचा ठोका हजाराच्या आसपासही बोलतो, म्हणून तो फोनवर ऐकू येईल.

हा ठोका नेमका कुठे ठेवायचा? नाव पन्नासाव्या फ्रेमवर बसतं, तर ठोका पन्नासाव्यावर, फार तर एक्कावन्नाव्यावर. आधी कधीच नाही. तुझा ठोका तीन फ्रेम आधी वाजतो. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे १२० मिलिसेकंद आधी. आवाज साधारण ४५ मिलिसेकंद जरी आधी आला तरी माणसाला खटकायला लागतं, पण उशिरा आलेला तो सव्वाशेपर्यंत पोटात घालतो. कारण साधं आहे. नदीच्या पलीकडे कोणी धुणं आपटत असलं तर आधी हात दिसतो, मग आवाज येतो. आवाज आधी आणि हात नंतर, असं जगात कुठे घडत नाही, म्हणून कान ते सोडत नाही. वेव्हफॉर्मचा उंच कडा बघून तो फ्रेमवर बसवायचा असतो. तू क्लिप अंदाजाने बसवलीस.

पातळीबद्दलही बोलायला हवं. तू ओळख शून्य डेसिबलपर्यंत चढवलीस आणि तुझं बोलणं त्याच्या कितीतरी खाली आहे. ‘यूट्यूब आपोआप सारखं करतं’ म्हणालास. यूट्यूब पूर्ण व्हिडिओ मोजून, तो उणे १४ एलयूएफएसच्या वर असला तर सगळाच सारख्या प्रमाणात खाली आणतं. आतल्या पाच सेकंदांना वेगळं दाबत नाही. म्हणजे ओळख आणि बोलणं यांतली दरी जशीच्या तशी राहते. ओळख बोलण्यापेक्षा फार तर दोन एलयू वर असू दे आणि शिखर उणे एकच्या वर जाऊ देऊ नकोस. तपासायचं तर रात्री, घर झोपलेलं असताना, फोनवर व्हिडिओ लाव. ओळख वाजताच अंगठा आवाजाच्या बटणाकडे गेला, तर ती मोठी आहे.

चौकटीच्या कडा मी दोनदा शिकवल्या आहेत. १९२० बाय १०८० च्या चित्रात डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे सोडायचे, नाव आणि खूण त्याच्या आत. तू शिरोरेषा रेषेवर ठेवलीस आणि वेलांट्या बाहेर गेल्या. मराठीत माप शिरोरेषेवरून घ्यायचं नसतं, वेलांटीच्या माथ्यापासून घ्यायचं. खालचा भाग तर प्लेअरच्या पट्टीचा आहे, तिथे तुझं ते बारीक घोषवाक्य कोणी वाचणार नाही. काढून टाक.

शेवटाची फाईल म्हणजे निष्काळजीपणाचा कळस. सुरुवातच उलटी फिरवलीस आणि तीन सेकंदांवर कापलीस. शेवटी जी पुढच्या व्हिडिओंची कार्डं लागतात, ती कमीत कमी पाच सेकंदांची असतात आणि व्हिडिओच्या शेवटाकडून मागे मोजली जातात. तीन सेकंदांच्या शेवटाला पाच सेकंदांची कार्डं लावल्यावर दोन सेकंद तुझ्या बोलण्यावर चढणारच. तू ‘स्क्रू फार आवळू नका, प्लाय फाटेल’ असं सांगतोस, अख्ख्या भागातली सगळ्यात कामाची सूचना, आणि नेमकं तेव्हा तुझ्या हातावर कार्ड येऊन बसतं. स्क्रू दिसत नाही. हे अपलोड करण्याआधी एकदाही पाहिलं नाहीस, हे मला त्यावरूनच कळलं.

शेवट पूर्ण १२५ फ्रेमचाच हवा. ठोका आणि नाव पहिल्या पंधरा फ्रेममध्येच, नाव वर डावीकडे लहान, आणि उजवीकडची जागा कार्डासाठी मोकळी. कार्डाखाली अक्षरं नकोत, हालचाल नको. माणसाला तेव्हा बोट कुठे ठेवायचं ते ठरवायचं असतं. सूर चौथ्या सेकंदापर्यंत विरून गेला पाहिजे. तुझ्या फाईलीत तो भर गुंजारवात कापला जातो आणि ‘टक’ असा घाणेरडा आवाज येतो. शिवाय निर्यात करताना मागे काळ्या फ्रेमचं शेपूट राहिलंय का ते बघ, कारण कार्डांची मोजणी त्या शेपटापासूनच होते आणि लोगो आधीच संपून जातो.

तुझ्या हातात कौशल्य आहे, बिजागराचं चित्रण मी वर्गात दाखवण्यासारखं आहे. म्हणूनच ही फाईल मी नापास करते आहे. सोमवारी दोन्ही नव्याने आण, प्रत्येकी १२५ फ्रेम, आवाज तुझ्या स्वतःच्या गिरमिटाचा. सोबत कागदावर फ्रेमच्या आकड्यांसह संहिता लिहिलेली हवी. कागद नसेल तर फाईल उघडणार नाही.