पसायदान आणि ताटी

शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 च्या सुमारास, ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानेश्वरांनी जे पसायदान, म्हणजे कृपाप्रसाद, मागितले, त्यात, परंपरेनुसार ज्याने त्यांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, त्या समाजाविषयी एकही तक्रार नाही. दुष्टांचा नाश न मागता त्यांची ‘व्यंकटी’, म्हणजे मनाचा वाकडेपणा, तेवढी जावी असे ते मागतात. अन्याय अन्यायच राहतो, पण माणूस त्याच्या दुष्टपणापासून वेगळा होतो. याच ज्ञानेश्वरांनी एकदा उद्विग्न होऊन झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून घेतली आणि मुक्ताबाईंच्या विनवणीनंतरच ती उघडली, अशी आख्यायिका आहे. ज्याच्या मनाची ताटी आज बंद असेल, त्याने दुखावणाऱ्याचा वाकडेपणा जावो आणि स्वतःचा राग सुटो, एवढेच देवाकडे मागावे.